पेपर पुढे ढकलल्याची सूचना आली: ती कशी वाचायची आणि पुढे काय करायचं

दहावी-बारावीला बोर्डाचं वेळापत्रक एकच असतं, त्यामुळे 'उद्याचा पेपर रद्द' एवढं ऐकलं तरी सगळं कळतं. विद्यापीठात तसं नसतं. तिथे एकाच दिवशी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., इंजिनीअरिंग, लॉ असे सगळे पेपर चालू असतात. त्यातही जुना पॅटर्न, नवा पॅटर्न, नियमित विद्यार्थी आणि एटीकेटीवाले हे सगळे वेगवेगळे. अशा वेळी वर्गाच्या ग्रुपवर 'पेपर पुढे गेला रे' असं आलं, की कुणाचा, कोणता आणि कधी यातलं काहीच त्यातून कळत नाही. मी कॉलेजच्या परीक्षा विभागात बसतो. पेपर ढकलल्याच्या सूचनेनंतर आमच्या खिडकीवर जी गर्दी होते, तिच्यातल्या बहुतेकांची उत्तरं त्या एका पानाच्या परिपत्रकातच असतात. फक्त ते वाचायची सवय नसते. पहिल्या-दुसऱ्या सत्राच्या मुलांसाठी म्हणून हे लिहितो आहे.

आधी सूचना खरी आहे का ते बघा

फॉरवर्ड झालेला फोटो बघून पुस्तक मिटू नका. विद्यापीठाचा पत्ता स्वतः टाइप करा (मुंबईसाठी mu.ac.in, पुण्यासाठी unipune.ac.in, कोल्हापूरसाठी unishivaji.ac.in) आणि परीक्षा विभागाच्या पानावर ते परिपत्रक सापडतं का पाहा. तिथे मिळालं तर तीच पीडीएफ उतरवून ठेवा. नाही मिळालं तर कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारा, कारण विद्यापीठाची परिपत्रकं प्राचार्यांच्या ईमेलवरही येतात आणि कधी कधी संकेतस्थळाआधी तिथे पोचतात.

खोट्या सूचनेत बहुतेक वेळा जुन्याच परिपत्रकावरची तारीख बदललेली असते. ती ओळखायची सोपी खूण म्हणजे वार. तारीख बदलणारा वार बदलायला विसरतो, म्हणून कॅलेंडर काढून तारीख आणि वार जुळतात का बघा. मग जावक क्रमांक बघा, त्याच्या शेजारची तारीख बघा आणि खाली परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांची किंवा उपकुलसचिवांची सही आहे का ते बघा. जावक तारीख मागच्या वर्षाची निघाली तर विषय तिथेच संपला.

पेपर कशामुळे पुढे गेला हेही वाचावं, कारण त्यावरून सूचनेची व्याप्ती कळते. १९ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत पावसाने कहर केला, शाळा-कॉलेजांना सुट्टी जाहीर झाली आणि मुंबई विद्यापीठाने त्या दिवसाचे पेपर २३ ऑगस्टला, म्हणजे त्याच आठवड्यातल्या शनिवारी ठेवले. २२ जानेवारी २०२४ ला राज्य सरकारने सार्वजनिक सुट्टी जाहीर केली तेव्हाही त्या दिवसाचे पेपर हलवावे लागले. पाऊस किंवा सुट्टी असेल तर त्या दिवसाचे बहुतेक सगळे पेपर हलतात. पण 'अपरिहार्य कारणास्तव' किंवा 'प्रशासकीय कारणास्तव' असं लिहिलेलं असेल, तर बहुधा एखाद-दुसराच पेपर हललेला असतो आणि शेजारच्या वर्गाचा पेपर ठरल्या वेळी होतो. मुलं चुकतात ती या दुसऱ्या प्रकारात.

एक सूचना ओळीने वाचून बघू

खालचा नमुना मी या लेखासाठीच तयार केला आहे, पण अशा परिपत्रकांची भाषा साधारण अशीच असते.

> सर्व संलग्न महाविद्यालयांचे प्राचार्य, परीक्षा केंद्रप्रमुख व संबंधित विद्यार्थी यांना कळविण्यात येते की, हिवाळी सत्र परीक्षेअंतर्गत मंगळवार, दि. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी दुपारी २.०० ते ४.३० या वेळेत होणारा द्वितीय वर्ष बी.कॉम. सत्र ३, व्यवसाय अर्थशास्त्र (विषय संकेतांक २३६१४) हा पेपर अपरिहार्य कारणास्तव पुढे ढकलण्यात येत आहे. सदर पेपर शुक्रवार, दि. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी १०.३० ते १.०० या वेळेत घेण्यात येईल. परीक्षा केंद्रात बदल नाही. विद्यार्थ्यांना यापूर्वी देण्यात आलेले प्रवेशपत्र ग्राह्य धरण्यात येईल. विद्यार्थ्यांनी परीक्षा सुरू होण्यापूर्वी ३० मिनिटे केंद्रावर उपस्थित राहावे. उर्वरित विषयांच्या परीक्षा पूर्वनियोजित वेळापत्रकानुसारच होतील.

सुरुवात विषय संकेतांकापासून करा, विषयाच्या नावापासून नको. 'व्यवसाय अर्थशास्त्र' नावाचा पेपर पहिल्या सत्रालाही असू शकतो, तिसऱ्यालाही आणि जुन्या पॅटर्नलाही. संकेतांक मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो. हॉल तिकीट समोर ठेवा आणि त्यावरचा संकेतांक परिपत्रकातल्या आकड्याशी एकेक अंक लावून बघा. पाचही अंक जुळले तरच ही सूचना तुमची. तुम्ही जुन्या पॅटर्नचे एटीकेटीवाले असाल आणि तुमचा संकेतांक २२६१४ असेल, तर १८ तारखेला दुपारी दोनला तुमचा पेपर आहेच. तुमच्या मित्राचा नाही म्हणून तुमचाही नाही असं होत नाही.

मग तारीख. १८ चे २८ झाले हे सगळ्यांच्या लक्षात येतं. पण या नमुन्यात आणखी एक गोष्ट बदलली आहे आणि ती नजरेतून सुटते: दुपारचा पेपर सकाळी गेला आहे. तीन आठवडे रोज दुपारी दोनला पेपर देणारा मुलगा २८ लाही सवयीने एकच्या सुमारास केंद्रावर पोचतो, तेव्हा बाकीचे पेपर लिहून बाहेर पडत असतात. असा मुलगा मी गेटवर उभा पाहिला आहे आणि त्याच्यासाठी तेव्हा आम्हाला काहीही करता आलं नाही. म्हणून नवी तारीख वहीत लिहून घेताना वार, तारीख आणि वेळ तिन्ही एकत्र लिहा. फोनमध्ये आठवण लावताना जुनी नोंद पुसून टाका, नाहीतर दोन्ही राहतात.

शेवटचं वाक्य, 'उर्वरित विषयांच्या परीक्षा पूर्वनियोजित वेळापत्रकानुसारच होतील', हे औपचारिक भर म्हणून लिहिलेलं नसतं. त्याचा अर्थ असा, की १९ तारखेचा पेपर १९ लाच आहे. एक पेपर हलला म्हणजे पुढचे सगळे एकेक दिवस सरकले असं नाही. १८ तारखेचा दिवस मोकळा मिळाला म्हणून गावी जायची गाडी पकडू नका.

हॉल तिकिटावर जुनी तारीख आहे, चालेल का?

खिडकीवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. 'प्रवेशपत्र ग्राह्य धरण्यात येईल' असं परिपत्रकात असेल तर चालतं. वर्गात पर्यवेक्षक तुमच्या बाकाशी येतात तेव्हा ते काय बघतात ते लक्षात घेतलं तर हे पटेल. ते तुमचा चेहरा फोटोशी ताडून बघतात, आसन क्रमांक बाकावरच्या आणि हजेरीपटावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते बघतात आणि तो विषय तुमच्या तिकिटावर आहे का ते बघतात. सुधारित तारखेचं परिपत्रक केंद्राकडे आधीच आलेलं असतं, त्यामुळे तिकिटावर १८ तारीख छापलेली असली तरी कुणी अडवत नाही.

मात्र त्या छापील तारखेवर पेनने रेघ मारून २८ लिहू नका. चांगल्या हेतूने लिहिलं तरी हॉल तिकिटावरची कुठलीही खाडाखोड किंवा मजकूर म्हणजे पर्यवेक्षकांसाठी चौकशीचा विषय. मागच्या कोऱ्या बाजूवर सूत्रं किंवा तारखा लिहिलेल्या असतील तर ते गैरप्रकाराच्या प्रकरणापर्यंत जाऊ शकतं. तिकीट होतं तसं ठेवा आणि परिपत्रकाची एक प्रिंट त्यासोबत ठेवा. ती आत न्यायची नाही, गेटवर दाखवायला आहे. आत जाण्याआधी ती बॅगेत टाका.

नवं तिकीट कधी लागतं? केंद्र बदललं असेल, आसन क्रमांक बदलला असेल किंवा परिपत्रकात 'सुधारित प्रवेशपत्र डाउनलोड करावे' असं स्पष्ट लिहिलं असेल तेव्हा. मग विद्यार्थी लॉगिनमधून ते काढायचं आणि तुमच्याकडे पूर्वी जशी प्रथा असेल त्याप्रमाणे कॉलेजची सही-शिक्का घ्यायचा. तुमच्या आधीच्या तिकिटावर शिक्का असेल तर नव्यावरही लागेल असं धरून चाला. हे काम परीक्षेच्या सकाळी करायला येऊ नका. त्या वेळी आमचे सगळे लोक प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिकांत गुंतलेले असतात.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. आपल्या नमुन्यात बाकीचे पेपर समजा २४ तारखेला संपतात. शेवटचा पेपर झाला की मुलं हॉल तिकीट फेकतात, कुणी त्यावर एकमेकांच्या सह्या घेतात. ढकललेला पेपर मागे शिल्लक आहे हे तेव्हा डोक्यात नसतं. तो होईपर्यंत तिकीट जपायचं. खरं तर निकाल लागून पुनर्मूल्यांकनाची मुदत संपेपर्यंत जपायचं, कारण अर्जात आसन क्रमांक लागतो. हरवलंच तर लॉगिनमधून पुन्हा प्रिंट निघते का बघा, न निघाल्यास कॉलेजमधून दुय्यम प्रत मिळते. त्यासाठी ओळखपत्र आणि फोटो घेऊन निदान आदल्या दिवशी या.

उपस्थितीची वेळ म्हणजे नेमकी कोणती वेळ

पेपर १०.३० ला आणि अर्धा तास आधी उपस्थिती, म्हणजे १०.०० ला तुम्ही केंद्राच्या आवारात हवेत. स्टेशनवर किंवा एसटी स्टँडवर उतरण्याची ती वेळ नाही. या अर्ध्या तासात काय होतं ते सांगतो. फलकावर आसन क्रमांकांची यादी लावलेली असते, त्यात तुमचा ब्लॉक शोधायचा. ढकललेल्या पेपरच्या दिवशी हे पुन्हा करावंच लागतं, कारण त्या दिवशी मुलं कमी असतात, मांडणी नव्याने होते, कधी इमारतही दुसरी असते. आधीच्या पेपरांना ब्लॉक १२ होता म्हणून सरळ तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसलेली मुलं मग दहा मिनिटं जिने चढत-उतरत असतात.

पहिली घंटा झाली की वर्गात बसायचं. मोबाइल, स्मार्ट वॉच आणि बॅग बाहेर. उत्तरपत्रिका पेपर सुरू होण्याआधीच मिळते आणि तिच्यावर आसन क्रमांक, विषय संकेतांक, दिनांक, सत्र भरायचं असतं. ढकललेल्या पेपरच्या वेळी इथे दोन चुका होतात. दिनांकाच्या जागी हॉल तिकिटावर बघून १८ तारीख लिहिली जाते. लिहायची असते ती प्रत्यक्ष परीक्षेची, म्हणजे २८. आणि वेळेच्या रकान्यात सवयीने 'दुपार' लिहिलं जातं. चुकलं तर स्वतः खोडू नका, पर्यवेक्षकांना सांगा, ते दुरुस्त करून सही करतील.

उशीर झाला तर किती वेळ आत घेतात याचा नियम प्रत्येक विद्यापीठाचा स्वतःचा असतो. तो हॉल तिकिटावरच्या सूचनांमध्ये छापलेला असतो, तो आजच वाचून ठेवा. अनेक ठिकाणी आता प्रश्नपत्रिका केंद्रावर ऑनलाइन येते आणि तिथेच छापली जाते, त्यामुळे ती फुटू नये म्हणून वेळेबाबत कडक राहावं लागतं. शिपायाशी वाद घालून उपयोग होत नाही, त्याला तसे आदेश असतात.

पेपर दुपारचा सकाळी गेला असेल तर प्रवासही नव्याने आखावा लागतो. दुपारच्या पेपरला तुम्ही रिकाम्या लोकलने किंवा बाराच्या एसटीने येत होता. आता तोच रस्ता सकाळी नऊच्या गर्दीत कापायचा आहे. गावातून येणाऱ्यांनी पहिली गाडी किती वाजता सुटते आणि ती चुकली तर दुसरी कोणती, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावं.

नवी तारीख दुसऱ्या पेपरवर आली तर

हा भाग नीट वाचा, कारण इथे घाई करावी लागते. आपल्याच नमुन्यातली एक विद्यार्थिनी घेऊ. ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि पहिल्या सत्राचा एक विषय तिचा राहिला आहे. त्या एटीकेटीच्या पेपरची तारीख आधीपासून २८ नोव्हेंबर, सकाळी १०.३० अशी आहे. आता तिसऱ्या सत्राचा ढकललेला पेपरही त्याच वेळी आला. तिच्याकडे दोन सत्रांची दोन हॉल तिकिटं, दोन आसन क्रमांक आणि बसायला वेळ मात्र एकच.

तारीख ठरवताना परीक्षा विभाग असे संघर्ष तपासतो, पण प्रत्येक एटीकेटीवाल्याची जुळणी तिथे दिसतेच असं नाही. त्यामुळे ते सांगण्याचं काम तुमचं. परिपत्रक आलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कॉलेजमध्ये अर्ज द्यायचा. तोंडी सांगून भागत नाही. अर्ज लांबलचक नको, असा पुरे:

> मा. प्राचार्य,
> विषय: एकाच वेळी दोन पेपर येत असल्याबाबत
> महोदय, मी द्वितीय वर्ष बी.कॉम. मधील विद्यार्थिनी असून माझा कायम नोंदणी क्रमांक ... आहे. दि. ... च्या परिपत्रकानुसार (जा. क्र. ...) सत्र ३ चा व्यवसाय अर्थशास्त्र (२३६१४) हा पेपर दि. २८ नोव्हेंबर रोजी सकाळी १०.३० वाजता ठेवण्यात आला आहे. त्याच दिवशी त्याच वेळी माझा सत्र १ चा ... (संकेतांक ...) हा पेपर आहे. दोन्ही पेपर देता यावेत यासाठी विद्यापीठाकडे हा अर्ज पाठवावा, ही विनंती.
> सोबत: दोन्ही प्रवेशपत्रे व परिपत्रकाची प्रत.

अर्जाची दुसरी प्रत करा आणि तिच्यावर कॉलेजचा 'मिळाला' असा शिक्का, तारीख आणि सही घ्या. कॉलेज आपल्या पत्रासोबत तो विद्यापीठाकडे पाठवतं. तिथून कधी एक पेपर त्याच दिवशी दुपारी ठेवला जातो, कधी वेगळी तारीख मिळते. जे ठरेल ते लेखी हातात येईपर्यंत दर दोन दिवसांनी विचारत राहा. असे अर्जदार पाच-सहा जण असतील तर सगळ्यांनी एकाच वेळी द्या, म्हणजे विद्यापीठाला एकदाच निर्णय घेता येतो. नवी तारीख सीईटी, नेट यांसारख्या बाहेरच्या परीक्षेवर आली तरी हाच मार्ग. फक्त त्या परीक्षेचं प्रवेशपत्र जोडा.

अर्ज न देता 'एक पेपर सोडून देऊ' असं ठरवलं तर त्या पेपरला गैरहजर अशीच नोंद होते आणि तो पुढच्या परीक्षेला एटीकेटी म्हणून द्यावा लागतो. ढकललेल्या पेपरसाठी साधारणपणे तिसरी तारीख मिळत नाही.

लेखनिक घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिक किंवा जादा वेळ मंजूर असेल तर ती मंजुरी त्या विषयाला पुढेही लागू असते, पण नव्या तारखेला तोच लेखनिक मोकळा असेल का हे आधी विचारा. त्याचीही परीक्षा त्याच सकाळी असू शकते. लेखनिक बदलावा लागला तर त्याची माहिती आणि शैक्षणिक पात्रतेची कागदपत्रं केंद्राकडे आधी द्यावी लागतात. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटं. आपल्या नमुन्यात पेपर १.०० ऐवजी १.५० ला संपेल. त्याच दिवशी दुपारच्या सत्रात दोनला दुसरा पेपर असेल तर मध्ये जेमतेम दहा मिनिटं उरतात. ही अडचण केंद्रप्रमुखांना आठवडाभर आधी लेखी कळवली तर सोय होऊ शकते.

निकालाचं काय?

शेवटी हा प्रश्न येतोच, विशेषतः शेवटच्या सत्राच्या मुलांकडून, ज्यांना पुढच्या प्रवेशासाठी गुणपत्रिका हवी असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार त्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लावायचा असतो. ढकललेला पेपर तुमच्या अभ्यासक्रमाचा शेवटचा ठरला तर ही मोजणी २४ नोव्हेंबरपासून नाही, २८ पासून सुरू होते, म्हणजे ४५ दिवस १२ जानेवारीला पुरे होतात. कुठे प्रवेशाची किंवा नोकरीवर रुजू होण्याची मुदत त्याच्या आत असेल, तर ढकललेल्या पेपरचं परिपत्रक जोडून त्या संस्थेला आत्ताच कळवा आणि निकाल प्रलंबित असल्याचं पत्र कॉलेजकडून मागून घ्या. हे पत्र आम्ही रोज देतो. अर्ज, ओळखपत्र आणि हॉल तिकिटाची झेरॉक्स एवढंच त्यासाठी लागतं.